२० मुलांचा वाढदिवस: दर मुलामागे खाऊ किती, प्यायला किती?

चिमणचारा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी लेकीला सात वर्षं पूर्ण होतायत. यंदा तिने वर्गातल्या २० मुलांना बोलावलंय. वेळ दुपारी ४ ते संध्याकाळी ६:३०. जेवण नाही, फक्त खाऊ, केक आणि प्यायला काहीतरी.

गेल्या वर्षी ८ मुलं होती आणि माझा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला. खाणं डोंगराएवढं उरलं, पण सरबत पाऊण तासात संपलं. दर मुलामागे दोन अख्खी सँडविचेस धरली होती, बहुतेकांनी अर्धंच खाल्लं. सरबत मात्र माणशी एक ग्लास धरून केलं होतं. मुलं घरी गेल्यावर आवरायला घेतलं तर खिडकीच्या कट्ट्यावर कागदी पेले रांगेत उभे. मोजले, १९ भरले. प्रत्येकात तळाशी दोन-तीन घोट, कशात बिस्किटाचा चुरा, कशात फुग्याची दोरी. म्हणजे सरबत खरं तर होतं, पण त्या पेल्यांमध्ये अडकलं होतं.

यंदासाठी मी जी यादी केली आहे ती अशी: माणशी दोन सँडविचेस, दोन पिझ्झाचे तुकडे, एक मफिन, चार बिस्किटं, वेफर्सचं छोटं पाकीट, फळं, केक आणि अर्धा लिटर पेय. २० ने गुणल्यावर मलाच धडकी भरली. सात वर्षांचं मूल अडीच तासांत नेमकं किती खातं? ज्यांनी हे केलंय त्यांनी आकड्यांसकट सांगा.

---

मोकळाढाकळा | सोमवार, रात्री १०:०५

पोरांच्या कार्यक्रमात कमी पडता कामा नये, एवढं एकच लक्षात ठेवा. जे काही हिशोबाने येईल ते सरसकट दीडपट करा. मी दर वर्षी हेच करतो, कधी कमी पडलं नाही. उरलं तर दुसऱ्या दिवशी संपतं.

---

सातवा_मजला | सोमवार, रात्री १०:३२

२० पाहुणे म्हणजे फार नाही. आमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला बरोबर २० जण होते. मोठ्या माणसाला खाऊचे १० ते १२ नग लागतात, म्हणजे २४० नगांची तयारी ठेवा. शिवाय चहा-कॉफी लागेलच, तिचे ४० कप धरा.

---

चिमणचारा | सोमवार, रात्री १०:५०

@सातवा_मजला, २० मुलं आहेत हो, मोठी माणसं नाहीत. मोठी फार तर सहा थांबतील, बाकीचे पालक मुलांना सोडून जाणार आहेत.

---

सातवा_मजला | सोमवार, रात्री १०:५८

माझं वाचण्यात चुकलं, माफ करा. आमच्याकडे २० पाहुण्यांत मुलं तीनच होती, म्हणून तेच डोक्यात राहिलं. पण थांबणाऱ्या त्या सहांचा हिशोब वेगळा ठेवा. आमच्याकडे मुलांसाठी ठेवलेलं ताट मोठ्यांनीच उभ्या उभ्या गप्पा मारताना संपवलं होतं.

---

वजनकाटा | मंगळवार, सकाळी ७:१५

चिमणचारा, मी १४ वर्षं लहान मुलांच्या कार्यक्रमांचा खाऊ करून देते आहे. तुमच्या यादीतला प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर योग्यच आहे. फक्त तुम्ही प्रत्येक पदार्थ असा धरलाय, जणू मूल दुसरं काही खाणारच नाही. दोन सँडविचेस खाणारं मूल असतं, दोन पिझ्झाचे तुकडे खाणारंही असतं. पण हे दोन्ही खाऊन वर मफिन आणि केक खाणारं सात वर्षांचं मूल मी पाहिलेलं नाही.

म्हणून आधी पदार्थ ठरवू नका, आधी पोट ठरवा. सहा-सात वर्षांचं मूल दुपारचं जेवून आलेलं असेल आणि घरी जाऊन रात्रीचं जेवणार असेल, तर मधल्या अडीच तासांत केकआधी साधारण सहा छोटे नग खातं. नग म्हणजे दोन-तीन घासांत संपणारी वस्तू. सँडविचचा एक त्रिकोण हा एक नग, चीज लावलेलं एक बिस्किट हा एक नग, सफरचंदाची एक फोड हाही एक नग. त्यावर मूठभर कुरकुरीत काहीतरी आणि केकचा एक तुकडा. पाच वर्षांखालचं मूल याच्या जेमतेम निम्मं खातं. दहाच्या पुढे दीडपट होतं.

२० मुलं गुणिले ६, म्हणजे १२० नग. पदार्थ तीन ठेवा की सहा, बेरीज १२० च राहिली पाहिजे. पदार्थ वाढवले की प्रत्येकाचे नग कमी करायचे. इथेच बहुतेकांचं चुकतं: नवा पदार्थ सुचला की तो वरून जोडला जातो आणि आधीच्यातून काहीच वजा होत नाही.

तुमच्यासाठी मी असं करीन. पिझ्झा आणि मफिन काढून टाका. पिझ्झा गरमच चांगला लागतो आणि २० मुलांना एकाच वेळी गरम देणं घरच्या ओव्हनला झेपत नाही. मफिन म्हणजे केकच, तो खाल्ला की केक ताटलीत राहतो. उरले तीन पदार्थ, प्रत्येकी दोन नग:

सँडविचचे त्रिकोण ४०. दोन स्लाइसचं एक सँडविच, त्याचे चार त्रिकोण. म्हणजे १० सँडविचेस, म्हणजे २० स्लाइस. ब्रेडच्या पाकिटावर वजन असतं, स्लाइसची संख्या बहुतेक वेळा नसते, म्हणून दुकानातच बाहेरून मोजा आणि दोन्ही टोकांचे तुकडे सोडून द्या. लोणी स्लाइसला ५ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम. चीजच्या चकत्या १०.

चीज लावलेली बिस्किटं ४०. ही आयत्या वेळी लावा. अर्धा तास आधी लावलेलं बिस्किट मऊ पडतं आणि मुलं एकदा चावून परत ठेवतात.

फळांच्या फोडी ४० ते ४८. मध्यम सफरचंदाच्या आठ फोडी होतात, संत्र्याच्याही आठ. तीन सफरचंदं, तीन संत्री पुरे. सफरचंद काळं पडू नये म्हणून लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून फोडी पाच-दहा मिनिटं बुडवा आणि निथळून घ्या.

वेफर्सच्या पाकिटांऐवजी पॉपकॉर्न करा. माणशी एक पेला, म्हणजे २० पेले, साधारण ४ लिटरचं पातेलं भरून. त्याला मक्याचे दाणे १२५ ग्रॅम पुरतात. ऐकायला अगदी थोडे वाटतात, पण फुटल्यावर पातेलं भरतं.

केकचं आणि पेयांचं संध्याकाळी लिहिते, आता कामाला निघायचंय.

---

मोकळाढाकळा | मंगळवार, सकाळी ९:२०

वजनकाटा ताई, हिशोब पटला. पण १२० म्हणजे अगदी काठावर नाही का? दोन-चार खादाड मुलं असतातच. मी तरी १८० करीन.

---

शाईपेन | मंगळवार, सकाळी ११:४५

मी बालवर्गाला शिकवते. दोन गोष्टी सांगते.

पहिली: २० मुलांबरोबर कुणाची धाकटी भावंडं येणार आहेत का, हे आधी विचारून घ्या. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतो. आमच्याकडे तर आम्ही पाच वर्षांपर्यंत देतच नाही. द्राक्षं ठेवणार असाल तर लहानग्यांसाठी उभी चार भागांत चिरा. आडवी चिरून उपयोग नाही, तो गोल तुकडा श्वासनलिकेच्या तोंडावर अगदी बरोबर बसतो. अख्खे दाणे, काजू, बदामही त्यांच्यापासून लांब ठेवा. आणि खाताना सगळ्यांना बसवा, पळत खाऊ देऊ नका.

दुसरी: टेबलावर सगळं मांडून "घ्या" म्हटलंत की पहिली आठ-दहा मुलं खारं उचलतात आणि मागून येणाऱ्यांना फळांच्या फोडी उरतात. बेरीज बरोबर असते, वाटणी चुकते. आम्ही छोट्या ताटल्या भरून देतो. प्रत्येक ताटलीत एक त्रिकोण, एक बिस्किट, एक फोड. संपलं की दुसऱ्यांदा. पहिल्या फेरीत निम्मंच वाढायचं.

---

पानगळ | मंगळवार, दुपारी १:१०

माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नग मोजण्याआधी सगळ्या पालकांना एकदा संदेश पाठवून विचाराच. एखादं असं मूल असेल तर त्याची ताटली आधी भरून, झाकून, नाव लिहून वेगळी ठेवा, आणि ती भरताना सुरी आणि पाट स्वच्छ धुतलेले घ्या. पीनट बटर लावलेल्या सुरीनेच चीजचं सँडविच कापलं तर ते माझ्या मुलाला चालत नाही. बिस्किटांची, पॉपकॉर्नची, केकची वेष्टनं कार्यक्रम संपेपर्यंत टाकू नका. मला एकदा एका घरी घटक वाचायचे होते आणि खोका कचऱ्यात गेला होता. मुलाला घेऊन मी तशीच परतले. तो रडत होता, त्याला काय झालं हे कळत नव्हतं.

---

चिमणचारा | मंगळवार, दुपारी १:४०

@पानगळ, आत्ताच सगळ्यांना संदेश पाठवला. तुम्ही सांगितलं नसतं तर खरंच लक्षात आलं नसतं.

@शाईपेन, एक तीन वर्षांची धाकटी बहीण येणार आहे. तिच्यासाठी पॉपकॉर्नऐवजी काय ठेवू?

---

शाईपेन | मंगळवार, दुपारी २:३०

केळ्याचे काप आणि एक साधं मऊ बिस्किट. तिला वेगळं वाटणार नाही, पेला मात्र बाकीच्यांसारखाच द्या.

---

वजनकाटा | मंगळवार, रात्री ८:२०

@मोकळाढाकळा, तुमच्या भीतीत तथ्य आहे, उपाय मात्र अर्धाच बरोबर आहे. सहा मुलं असती तर मीही भरपूर जास्तीचं ठेवलं असतं, कारण सहांत दोन खादाड निघाले की हिशोब कोलमडतो. २० मध्ये दोन जास्त खाणारी असतात, तशी दोन अजिबात न खाणारीही असतात. एक मूल खेळात इतकं रमतं की पाण्याशिवाय काही घेत नाही. संख्या वाढते तशी टक्क्यांतली जास्तीची तजवीज कमी लागते.

शिवाय दीडपट कशाची करायची हाही प्रश्न आहे. ६० जास्तीचे सँडविचचे त्रिकोण म्हणजे ६० नासणाऱ्या वस्तू. चीज-लोण्याचं सँडविच बाहेर दोन तास राहिलं की मी ते टाकते. दिवस फार उकाड्याचा असेल, ३२ अंशांच्या वर, तर तासाभरातच. "दुसऱ्या दिवशी संपतं" हे बिस्किटांना लागू आहे, संध्याकाळभर टेबलावर राहिलेल्या सँडविचला नाही. म्हणून नासणारं मोजून करायचं आणि जास्तीची तजवीज बंद पाकिटात ठेवायची. बिस्किटांचे दोन जादा पुडे कपाटात असू द्या. लागले तर फोडा, नाही लागले तर महिनाभर घरात खपतील.

सातवा_मजला यांचा मुद्दा खरा आहे. उभा असलेला मोठा माणूस न कळत तीन-चार नग उचलतो. सहा जणांचे झाले २४, म्हणजे तुमच्या १२० तला पाचवा हिस्सा. त्यांच्यासाठी एक ताट वेगळं, वेगळ्या टेबलावर ठेवा. तीन सँडविचेस जास्त करा, त्यांचे १२ त्रिकोण, बाकी बिस्किटं आणि बरोबर चहा. मुलांच्या टेबलाजवळ खुर्च्याच ठेवू नका.

आता केक. मुलाला ६० ग्रॅमचा तुकडा पुरतो. याहून मोठा दिलात की वरचं क्रीम खाऊन खालचा भाग ताटलीत सोडतात. २० गुणिले ६० म्हणजे १२०० ग्रॅम, मोठ्यांना धरून दीड किलो. आयताकृती घ्या. उभे पाच, आडवे पाच असे कापले की २५ सारखे तुकडे होतात आणि कुणाचा मोठा, कुणाचा छोटा यावरून रडारड होत नाही. गोल केकच्या २५ फाका पाडायला गेलात तर टोकाकडे इतक्या निमुळत्या होतात की उचलतानाच पडतात. गोलच हवा असेल तर आधी आत एक छोटं वर्तुळ कापा, बाहेरच्या कड्याचे १६ तुकडे करा आणि मग आतल्या वर्तुळाचे ८.

पेयांबद्दल. तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावरचे १९ पेले वाचले आणि वाटलं, उत्तर तुम्हीच शोधलंय. मूल तहानेपुरतं पितं, पेला कुठेतरी ठेवतं, खेळायला पळतं, आणि परत तहान लागली की आपला पेला कुठला हे त्याला आठवत नाही. मग नवा पेला, नवं सरबत. नावं नसली की माणशी तीन पेले आणि तेवढंच जास्त पेय लागतं. पेल्यावर जाड पेनने नाव लिहा आणि सगळे पेले एकाच ठरलेल्या ट्रेमध्ये ठेवायला सांगा. नावं घातली की २० मुलांना २८-३० पेले पुरतात.

दुसरं, पेला २०० मिलिलिटरचा असला तरी दोन तृतीयांशच भरा, म्हणजे १३० मिलि. काठोकाठ भरलेला पेला सात वर्षांच्या हातात सांडतोच. अडीच तासांत गोड पेय असं दोनदा. २० गुणिले २६० म्हणजे ५ लिटर २०० मिलि. पाच लिटर तयार ठेवा आणि एक लिटरचं खोकं न फोडता बाजूला. पाणी वेगळं, माणशी ३०० मिलि म्हणजे ६ लिटर. अंगणात खेळणार असतील तर १०.

आणि कृपा करून आल्या आल्या सरबत देऊ नका. मुलं येताच पाणी द्या. चार वाजता गोड प्यायलेलं मूल पाच वाजता सँडविच चिवडत बसतं. आधी खारं, त्याबरोबर पहिला गोड पेला, मग खेळ, मग केक आणि दुसरा पेला.

---

उनाड_बाबा | मंगळवार, रात्री ९:०५

जग आणि पेल्यांची ही सगळी यातायात कशाला? २०० मिलिचे नळीवाले छोटे खोके आणा, माणशी एक. सांडत नाही, ओतायला माणूस लागत नाही, नावं खोक्यावरच लिहा. उरले तर बंदच राहतात, म्हणजे ताई म्हणतात तसं टिकणारं.

---

वजनकाटा | मंगळवार, रात्री ९:२५

@उनाड_बाबा, बंद खोके टिकतात हे मान्य. पण फोडलेले अर्धे राहतात आणि तो अर्धा कुणालाच देता येत नाही. मी एका कार्यक्रमानंतर २४ खोके हातात धरून पाहिले होते, ११ जड लागले. जगातलं न ओतलेलं पेय निदान झाकून फ्रीजमध्ये जातं. आणि २०० मिलि एकदम देऊन टाकलं की केकच्या वेळी हातात काही नसतं, मग दुसरा खोका.

---

उनाड_बाबा | मंगळवार, रात्री ९:४०

माझ्याकडे १५ पैकी तीनच अर्धे राहिले होते. मुलं जरा मोठी होती, नऊ वर्षांची. वयाने फरक पडत असेल. पण ओतायला स्वतंत्र माणूस लागत नाही हा फायदा मला फार मोठा वाटतो. बायको दौऱ्यावर होती आणि मी एकटा होतो.

---

झुळूक | बुधवार, सकाळी १०:१५

मला गोडाबद्दल विचारायचंय. फसफसणारं पेय ठेवलं तर चालेल का? मुलं तेच मागतात. फळांचा रस तरी वेगळा असतो का?

---

वजनकाटा | बुधवार, दुपारी १२:५०

@झुळूक, साखरेच्या बाबतीत फार फरक नाही. दोन्हींत १०० मिलिला साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे १३० मिलिच्या पेल्यात १३ ग्रॅम. त्यावर केक आहेच. म्हणून तर मी दोनच पेले धरते आणि मधे पाणी. फसफसणाऱ्याची माझी अडचण वेगळी आहे. ओतताना फेस येतो, तो बसेपर्यंत थांबावं लागतं, आणि २० मुलं पेला पुढे करून उभी असतात तेव्हा ते फार वेळखाऊ होतं. पोटही वायूने भरतं, मग खाणं उरतं. कोलात कॅफीन असतं, ते मी इतक्या लहान मुलांना देत नाही. रसात निम्मं थंड पाणी घातलं तर सात वर्षांची मुलं तक्रार करत नाहीत. मी नेहमी तसंच देते.

बर्फाचंही लक्षात घ्या. पेल्यात चार खडे टाकलेत तर पेय बरंच कमी मावतं, पण ते वितळून पाणचट होतं आणि मुलं टाकून देतात. जग आधीच गार करा, बर्फ पेल्यात नको.

---

चिमणचारा | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी यादी करून फ्रीजवर लावली आहे. १९ मुलं नक्की येतायत, एकाचं उत्तर यायचंय. ॲलर्जी एका मुलीला निघाली, अंड्याची. केक अंडं न घातलेलाच सांगितला, म्हणजे तिला वेगळा तुकडा नको. ब्रेडचं पाकीट दुकानात मोजलं, टोकं सोडून १६ स्लाइस. मोठ्यांचं ताट धरून मला २६ हवेत, म्हणून दोन पाकिटं घेतली.

सँडविचेस किती आधी करू?

---

वजनकाटा | गुरुवार, सकाळी ७:०५

दोन-अडीच वाजता. आधी लोणी कडेपर्यंत लावा म्हणजे ब्रेड ओला होत नाही. न कापता एकावर एक रचा, स्वच्छ ओलसर पंचात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. त्रिकोण पावणेपाचला कापा. एकदम सगळे बाहेर काढू नका. पहिल्या फेरीला २०, उरलेले फ्रीजमध्येच. दुसऱ्या फेरीला मागणी पाहून कापा. न कापलेलं गार सँडविच रात्री घरच्यांना देता येतं.

---

चिमणचारा | रविवार, सकाळी ११:२०

काल वाढदिवस झाला. कबूल केल्याप्रमाणे मोजून लिहिते.

१८ मुलं आली आणि ती तीन वर्षांची धाकटी. दोघं तापामुळे आली नाहीत. मोठी माणसं आठ थांबली.

त्रिकोण: मुलांसाठीचे ४० होते, ३३ संपले. एक अख्खं सँडविच कापलंच नाही म्हणून उरलेल्या ७ तले तीनच बाहेर राहिले, ते आम्ही लगेच खाल्ले. चीज बिस्किटं मात्र ४० ची ४० पहिल्या दहा मिनिटांत गेली, पुडा फोडून आणखी १२ केली. संत्र्याची एक फोड उरली नाही. सफरचंदाच्या ९ राहिल्या, मिठाच्या पाण्यामुळे रात्रीपर्यंत पांढऱ्या होत्या. पॉपकॉर्न सगळे संपले. धाकटी केळ्याचे काप पेल्यातून काढून खात होती आणि तिला काही वेगळं वाटलं नाही.

केकचे २५ पैकी २० तुकडे गेले. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलीने आधी मला तीनदा विचारलं, "हा मी खाऊ शकते ना?" मी खोका दाखवला, तिच्या आईने फोनवर घटक ऐकून घेतले आणि मग तिने सगळ्यांबरोबर खाल्ला. @पानगळ, हे तुमच्यामुळे झालं.

पेल्यांवर नावं लिहिली होती. २६ पेले लागले. गेल्या वर्षी ८ मुलांना १९ तर अर्धवट टाकलेलेच होते. निम्मं पाणी घातलेला रस सव्वाचार लिटर संपला, एकानेही पातळ आहे म्हटलं नाही. पाणी मात्र ६ लिटर धरलं होतं ते साडेपाचलाच संपलं, कारण सगळी अंगणात पळत होती. आणखी ३ लिटर भरून आणलं.

एक गोष्ट जमली नाही. ताटल्या भरून देताना पहिल्या फेरीत प्रत्येकात फोड घातली होती, ती पाच-सहा मुलांनी हातच न लावता ठेवली. टेबलावर असती तर ती दुसऱ्या कुणाला तरी देता आली असती.

---

शाईपेन | रविवार, दुपारी १२:४०

फोड ताटलीत न घालता मधल्या वाडग्यात ठेवून पाहा पुढच्या वेळी. खारं मात्र ताटलीतच. नाहीतर तुमची ४० बिस्किटं सहा जणांनीच संपवली असती.

---

वजनकाटा | रविवार, दुपारी १:३०

मला तरी ताटल्यांपेक्षा दोन वाढणारी माणसं बरी वाटतात. एक खाऱ्याचं ताट घेऊन फिरतो, एक फळांचं, आणि मूल मागेल तेच देतात. पण घरात तेवढी माणसं हवीत.

पाण्याचा आकडा मी माझ्याकडेही दुरुस्त करते. अंगण असेल तर १० हा सुरुवातीचाच आकडा धरायला हवा, जास्तीचा नव्हे.

---

उनाड_बाबा | रविवार, दुपारी २:१५

ओतायला कोण होतं?

---

चिमणचारा | रविवार, दुपारी २:२५

माझा भाऊ. सव्वादोन तास जगाजवळून हलला नाही. तो नसता तर मी तुमचे खोकेच आणले असते.

---

झुळूक | रविवार, दुपारी ४:००

माझ्याकडे पुढच्या महिन्यात ११ वर्षांची मुलं आहेत, साधारण एवढीच. हाच हिशोब चालेल का?

---

वजनकाटा | रविवार, संध्याकाळी ६:१०

नाही. त्यांना माणशी नऊ-दहा नग धरा, सँडविचचे त्रिकोण तीन ते चार, आणि त्रिकोण नको, अर्धं सँडविचच द्या, ती मुलं छोटे तुकडे एकदम तीन-तीन उचलतात. केक ८० ग्रॅम. पेले ३०० मिलिचे घ्या. आणि कार्यक्रम सात वाजेपर्यंत जाणार असेल तर आधी सांगा, कारण मग ते जेवणच होतं आणि सगळं नव्याने मांडावं लागेल. वेळ काय ठरली आहे?